दोन घासांत भरणारं पोट

सिरोसिस पुढे गेलेला माणूस जेवायला बसला की बहुतेक घरांत एकच संवाद ऐकू येतो. तो म्हणतो, "बास, पोट भरलं." बायको किंवा सून म्हणते, "अहो, अजून ताटाला हातसुद्धा लागला नाही." मग आग्रह होतो, रुसवा होतो आणि शेवटी ताट उचललं जातं. घरच्यांना वाटतं, आजाराने माणूस हट्टी झालाय, मन खचलंय, तोंडाची चव गेलीय. चव बऱ्याचदा खरंच गेलेली असते आणि मनही खचलेलं असतं. पण पोट भरलं असं तो म्हणतो, तेव्हा ते अगदी शब्दशः खरं असतं. त्याच्या पोटात पाच, आठ, कधी बारा लिटर पाणी असतं आणि त्या गर्दीत जेवणाला जागाच उरलेली नसते.

या पाण्याला आपल्याकडे जुनं नाव आहे, जलोदर. दवाखान्यात मात्र सगळे "पोटात पाणी झालंय" असंच म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटतं की हे पाणी जठरात किंवा आतड्यात साठलंय. तसं ते नसतं. पोटाच्या पोकळीत आतड्यांवरून आणि भिंतीच्या आतल्या बाजूने एक पातळ ओलसर पडदा असतो. या पडद्याच्या दोन थरांमध्ये निरोगी माणसात जेमतेम काही चमचे द्रव असतो, अवयव एकमेकांवरून सरकावेत एवढ्यापुरता. जलोदराचं पाणी याच फटीत साठतं. म्हणजे ते जठराच्या आत नसतं, जठराच्या बाहेर चहूबाजूंनी असतं. भूक का मरते हे कळायला एवढा फरक लक्षात ठेवला की पुढचं सोपं आहे.

पाणी येतं कुठून, ते आधी थोडक्यात सांगतो. आतडी, जठर आणि प्लीहा यांच्याकडून येणारं रक्त पोर्टल नावाच्या शिरेतून यकृतात शिरतं. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त याच वाटेने येतं. दारू, हिपॅटायटिस बी किंवा सी, मधुमेह आणि लठ्ठपणासोबत येणारं फॅटी लिव्हर, यांपैकी कशानेही वर्षानुवर्षं मार बसला की यकृतात व्रण तयार होतात, ते कडक आणि गाठाळ होतं. हाच सिरोसिस. मग रक्ताला आत शिरायला अडथळा होतो आणि पोर्टल शिरेतला दाब चढतो. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातला फरक एरवी पाच मिलिमीटर पाऱ्याच्या आत असतो. तो साधारण बाराच्या वर गेला की द्रव झिरपून पोटात उतरायला लागतो. यकृत अल्ब्युमिन हे प्रथिनही कमी बनवू लागतं. रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवायचं काम त्याचं, त्यामुळे गळती आणखी सोपी होते.

यात मूत्रपिंडाचीही एक गफलत आहे. दाब वाढला की आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बरंचसं रक्त तिकडेच थबकतं. मूत्रपिंडाला वाटतं, शरीरात रक्त कमी झालंय. ते मीठ आणि पाणी लघवीवाटे सोडायचं बंद करतं. शरीर पाण्याने तुडुंब आणि मूत्रपिंड मात्र दुष्काळ असल्यासारखं वागतंय, अशी ही अवस्था. जलोदराच्या एका लिटर पाण्यात सुमारे साडेसात ग्रॅम मीठ असतं. याचा उलटा हिशेबही खरा आहे: न सुटलेलं प्रत्येक साडेसात ग्रॅम मीठ पोटात एक लिटर पाणी बांधून ठेवतं.

आता जठराकडे वळू. उपाशीपोटी जठर मुठीएवढं असतं, आत पन्नास ते शंभर मिलिलिटरची पोकळी. पहिला घास घशातून खाली उतरायला लागतो तेव्हाच मेंदूकडून येणारी व्हेगस ही नस जठराच्या वरच्या भागाला सैल होण्याचा निरोप देते. अन्न येत जातं तसा तो भाग फुगत जातो आणि एक ते दीड लिटर जेवण मावलं तरी आतला दाब फारसा वाढत नाही. पंगतीत दोन जिलब्या जास्त खाणाऱ्याला जी सोय असते ती हीच. जठराच्या भिंतीत ताण मोजणारी टोकं असतात. भिंत बरीच ताणली गेली की ती व्हेगसमार्फतच मेंदूला कळवतात, की पुरे. आपण ज्याला पोट भरणं म्हणतो त्यातला मोठा भाग हा निरोप असतो. अन्न आतड्यात उतरल्यावर तिथून येणारे रासायनिक निरोप नंतर त्यात भर घालतात.

या सगळ्या व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: जठर फुगायला लागलं की शेजारचे अवयव सरकतील आणि पोटाची भिंत थोडी पुढे येईल. पोटभर जेवल्यावर पायजम्याची नाडी सैल करावी लागते ती यामुळेच. जलोदरात ही सवलत संपलेली असते. पाण्याने तट्ट फुगलेल्या पखालीच्या आत एक फुगा ठेवलाय आणि तो बाहेरून फुंकायचा आहे, अशी कल्पना करा. पहिल्या फुंकरीपासूनच जोर लागेल. जठराचं तसंच होतं. उपाशीपोटीच ते चेपलेलं असतं, आणि फुगताना त्याला पाण्याला, पाण्यामागच्या ताणलेल्या भिंतीला आणि वरच्या श्वासपटलाला ढकलावं लागतं. वाटीभर भात आत गेला की ताणाचा निरोप मेंदूकडे निघतो. मेंदूला हा ताण कशाचा हे कळत नाही. त्याच्या लेखी जेवण झालं.

हा दाब मोजता येतो. पडून असलेल्या निरोगी माणसाच्या पोटात तो पाच-सात मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असतो. तट्ट जलोदरात तो विसाच्या वरही जाऊ शकतो. पण पाणी आणि दाब सरळ हिशेबाने वाढत नाहीत, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात कळीची गोष्ट हीच आहे. सुरुवातीचे दोन, तीन, चार लिटर पोटाची भिंत निमूटपणे सामावून घेते. दाब जेमतेम वाढतो. माणूस म्हणतो, "पोट सुटलंय," आणि पँटचा बेल्ट पुढच्या भोकात लावतो. मग भिंतीची लवचीकता संपते, आणि तिथून पुढचा प्रत्येक लिटर दाब भराभर चढवत नेतो. म्हणून परवापर्यंत दोन भाकरी खाणारा माणूस आठवड्यात अर्ध्या भाकरीवर येतो आणि घरचे चकित होतात, की एवढ्यात असं काय झालं. हाच हिशेब उलटाही चालतो. दहा लिटर पाण्यातलं पहिलं दोन-तीन लिटर काढलं की जो आराम पडतो, तो पुढच्या दोन-तीन लिटरने पडत नाही.

वरची बाजूही चेपली जाते. पाणी श्वासपटलाला छातीत ढकलतं. त्यामुळे जेवताना धाप लागते, आणि घास चावणं, गिळणं, श्वास घेणं यांची एकमेकांत ओढाताण सुरू होते. जठरावरचा दाब अन्न आणि आम्ल अन्ननलिकेत वर ढकलतो, मग आंबट ढेकर, छातीत जळजळ. आडवं झालं की पाणी छातीकडे सरकतं आणि हे सगळं वाढतं. बसल्यावर ते ओटीपोटात उतरतं आणि वर जरा मोकळं वाटतं. पलंगावर रेलून, चमच्याने भरवून घेणारा रुग्ण कमी खातो यात नवल नाही. त्याला पाय खाली सोडून खुर्चीत बसवलं तरी चार घास जास्त जातात.

दाब हे एकच कारण असतं तर गोष्ट सरळ होती. पण सिरोसिसमध्ये जठर रिकामंही हळू होतं. दुपारचं जेवण संध्याकाळपर्यंत पूर्ण पुढे सरकलेलं नसतं आणि त्यावर रात्रीचं येऊन पडतं. पोर्टल शिरेतल्या दाबामुळे जठराचं अस्तर सुजलेलं असतं, आतड्यांच्या भिंती पाण्याने जड झालेल्या असतात आणि त्यांची हालचाल मंदावते. त्यात बद्धकोष्ठ होऊ नये आणि मेंदूवर परिणाम होऊ नये म्हणून दिलं जाणारं लॅक्ट्युलोजचं गोड औषध. ते आवश्यक आहे, पण त्याने पोटात वायू धरतो, आणि आधीच जागा नसलेल्या पोटात तोही आपला वाटा मागतो.

दुसरा धागा रासायनिक आहे. सुजलेल्या आतड्यातून जंतूंचे अंश रक्तात पाझरतात. ते गाळून घ्यायचं काम यकृताचं, आणि तेच थकलेलं. मग शरीरभर एक मंद दाह चालू राहतो. तापात जेवणाची इच्छा जाते ती ज्या रेणूंमुळे, त्यांच्यापैकीच काही इथे महिनोन्महिने रक्तात फिरत असतात. जस्त कमी पडलं तर जिभेची चव बिघडते, आणि सिरोसिसमध्ये ते बऱ्याच जणांत कमी पडतं. वर अळणी जेवण. आयुष्यभर ठेचा आणि लोणचं खाल्लेल्या माणसासमोर बिनमिठाची डाळ ठेवली तर निरोगी माणूससुद्धा दोन घासांतच उठेल.

मग यातलं किती पाण्याचं आणि किती बाकीचं? अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात याचा छडा लावायचा प्रयत्न केला होता. त्यांनी जलोदराच्या रुग्णांच्या जठराचं आकारमान पाणी काढण्याआधी आणि काढल्यानंतर मोजलं, आणि पोट भरेपर्यंत द्रव आहार घेऊ दिला. पाणी निघाल्यावर उपाशीपोटीचं जठरच मोठं झालेलं दिसलं, आणि रुग्णांच्या पोटात जास्त अन्न जाऊ लागलं. म्हणजे दाबाचा वाटा खरा आहे. मात्र पाणी काढलं आणि भूक पहिल्यासारखी झाली, असं प्रत्यक्षात फारसं घडत नाही. बाकीची कारणं जागच्या जागी असतात.

कमी खाण्याची किंमत या आजारात इतरांपेक्षा लवकर मोजावी लागते. निरोगी यकृत ग्लायकोजेनच्या रूपात साखरेचा साठा ठेवतं आणि रात्रभर तो पुरवतं. सिरोसिसच्या यकृतात हा साठा तुटपुंजा असतो. रात्री आठला जेवून सकाळी आठला चहा घेणाऱ्या अशा रुग्णाचं शरीर पहाटेपर्यंत ज्या अवस्थेला पोचतं, त्या अवस्थेला पोचायला निरोगी माणसाला दोन-तीन दिवसांचा उपास लागतो. साखर संपली की शरीर स्नायू मोडून ती बनवतं. रोज रात्री थोडा स्नायू खर्ची पडतो. आणि हे वजनकाट्यावर दिसत नाही, कारण काट्यावर स्नायूंबरोबर पाणीही चढलेलं असतं.

हे आकड्यांत बघू. समजा चोपन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. वर्षापूर्वी वजन ६६ किलो होतं. आज काटा ६८ दाखवतो. घरचे म्हणतात, खात नाहीत पण वजन तरी टिकून आहे. पोट तट्ट आहे, बेंबी बाहेर आली आहे, पायावर सूज आहे. सोनोग्राफीत भरपूर पाणी दिसतं. डॉक्टर सुईने आठ लिटर काढतात. काटा साठावर येतो. पायांच्या सुजेतलं पाणी साधारण तीन किलोचं धरलं, तर पाण्याविना माणूस उरतो ५७ किलोचा. वर्षात दोन किलो वाढलेला दिसणारा माणूस प्रत्यक्षात नऊ किलोंनी खंगलेला असतो. कानशिलं खोल गेलेली, दंड बारीक झालेले, अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसलेला. काट्यापेक्षा या खुणा खरं बोलतात. पोट आणि पाय झाकून फक्त खांदे आणि दंड बघितले तर ओळखीच्या माणसालाही धक्का बसेल.

या गृहस्थांना दिवसाला किती लागतं? पाण्याविनाच्या वजनामागे किलोला निदान ३० कॅलरी आणि १.२ ग्रॅम प्रथिनं, असं यकृताच्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ५७ किलोंना सतराशे कॅलरी आणि जवळजवळ सत्तर ग्रॅम प्रथिनं झाली. ते खातात काय? सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी एक पोळी आणि थोडी भाजी, संध्याकाळी चहा, रात्री वाटीभर पेज. सहा-सातशे कॅलरींच्या वर हे जात नाही, आणि प्रथिनं गरजेच्या तिसऱ्या हिश्श्यालाही पोचत नाहीत. शिवाय चहा आणि पेज ही जागा खाणारी आणि फारसं काही न देणारी मंडळी. जठरात मावतं तेवढ्यातली निम्मी जागा पाण्यानेच अडते.

प्रथिनांबद्दल एक गैरसमज अजून पुरता मेलेला नाही. लिव्हरच्या रुग्णाला डाळ, अंडं, दूध बंद, असं पूर्वी डॉक्टरही सांगत, कारण प्रथिनांमुळे अमोनिया वाढून रुग्णाला भ्रम होईल अशी भीती होती. नंतरच्या अभ्यासांत प्रथिनं तोडून फायदा झाल्याचं दिसलं नाही, आणि आज ती तोडू नयेत असंच सांगितलं जातं. अमोनिया साफ करायचं बरंचसं काम स्नायूही करतात. डाळ बंद करून स्नायू घालवणं म्हणजे त्या कामातला उरलेला कामगारही काढून टाकणं. तरीही शेजारीपाजारी आणि कधीकधी पथ्याच्या छापील कागदावर हा जुना सल्ला अजून भेटतो.

मग या छोट्या जठरातून सतराशे कॅलरी घालायच्या कशा? तीन जेवणांतून ते जमणार नाही, हे उघड आहे. सहा-सात वेळा, प्रत्येक वेळी वाटीभर, पण दाट. सकाळी उठल्या-उठल्या दूध आणि राजगिऱ्याचा लाडू. आठ-नऊच्या सुमाराला बेसन घालून केलेलं छोटं थालीपीठ. अकराला अंडं किंवा वाटीभर घट्ट दही. दुपारी एक भाकरी, पण त्याबरोबर पातळ आमटीऐवजी घट्ट वरण किंवा उसळ. चारला शेंगदाण्याचा लाडू. रात्री मऊ मुगाची खिचडी, त्यावर तूप. कावीळ झाली की तेल-तूप तोडायचं, ही आपली सवय. या रुग्णांना मात्र थोड्या जागेत जास्त ताकद देणारा पदार्थ हवा असतो आणि तूप तसं आहे. जेवताना पाणी, ताक, सार पिऊ नये. ते दोन खाण्यांच्या मधल्या वेळात घ्यावं. मधुमेह असलेल्यांचा हिशेब वेगळा पडतो, तो आहारतज्ज्ञाकडून बसवून घ्यायला हवा.

सगळ्यात महत्त्वाचं खाणं झोपण्याआधीचं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या डॉक्टरांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सिरोसिसच्या रुग्णांचे दोन गट केले. एकाच प्रकारचा पूरक आहार एका गटाला दिवसा दिला आणि दुसऱ्याला रात्री झोपताना. वर्षभराने रात्रीच्या गटाच्या शरीरातली प्रथिनं वाढली होती. दिवसाच्या गटात तो फरक पडला नाही. अन्न तेच, पण पहाटेचा उपास मोडला गेला. आपल्या घरात हे दूध आणि दोन पोळ्यांचा चुरमा, दूध-पोहे, केळं आणि लाडू, असं काहीही असू शकतं. दोनशेच्या आसपास कॅलरी आणि त्यात पिठूळ पदार्थ हवा. अडचण फक्त सवयीची असते. रात्री दहानंतर खाणं आपल्याकडे जवळजवळ पाप समजतात, आणि पोट बिघडलेल्या माणसाने खाणं तर त्याहून वाईट.

मिठाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडे तोल सांभाळावा लागतो. दिवसाला पाच ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाच्या चमच्याहून थोडं कमी, ही नेहमीची मर्यादा. आपलं रोजचं खाणं सहज आठ ग्रॅमच्या पुढे जातं. औषधांशिवाय मूत्रपिंड जवळजवळ काहीच मीठ सोडत नसेल आणि रुग्ण दहा ग्रॅम खात असेल, तर पोटात रोज लिटरभर पाण्याची भर पडते. पाच ग्रॅमवर ती अर्ध्या लिटरवर येते. त्या आठ लिटरवाल्या गृहस्थांचं पोट मग पंधरवड्यात पुन्हा भरतं. म्हणून मीठ कमी करण्याबरोबर स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्युरोसेमाइडसारख्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्या द्याव्या लागतात. पण मीठ पूर्ण तोडलं की खाणंही तुटतं, म्हणून आज कुणी साव अळणी जेवण सांगत नाही. पापड, लोणचं, फरसाण, खारी आणि बाजारची चटणी बंद केली, तर वरणात चिमूटभर मीठ राहू शकतं. लिंबू, आमसूल, जिरं, आलं, कोथिंबीर यांना मर्यादा नाही. सैंधव चालतं असं अनेकांना वाटतं. ते चालत नाही, कारण तेही सोडियमचंच मीठ आहे. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठ तर आणखी धोक्याचं, कारण त्यात पोटॅशियम असतं आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात ते साठून हृदयाचे ठोके बिघडवू शकतं.

गोळ्यांनी पाणी उतरायला वेळ लागतो, आणि घाई केलेली चालत नाही. पायावर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो वजन उतरलं तरी पुरे. त्याहून वेगाने गेलं तर ते पोटातून न जाता रक्तातून जातं आणि मूत्रपिंडं कोरडी पडतात. पोट तट्ट असेल, श्वास लागत असेल, अन्न जात नसेल, तेव्हा सुईने पाणी काढणं हाच सरळ मार्ग. याला दवाखान्यात टॅपिंग म्हणतात. बहुतेक वेळा डाव्या कुशीत खाली, जागा बधिर करून बारीक नळी घालतात आणि काही तासांत पाणी बाटल्यांत उतरतं. सुश्रुतसंहितेतही नाभीच्या खाली डाव्या बाजूला छेद देऊन नळीने पाणी काढण्याचं वर्णन आहे. एकाच दिवशी सगळं काढू नये आणि नंतर पोट घट्ट बांधावं, असंही तिथे बजावलेलं आहे.

एकदम सगळं पाणी काढण्याची भीती खोटी नाही. पोटातला दाब अचानक उतरला की रक्तवाहिन्या आणखी सैलावतात आणि काही दिवसांत मूत्रपिंड आजारी पडू शकतं. आज पाच लिटरच्या वर पाणी काढलं तर दर लिटरमागे आठ ग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन शिरेतून देतात. आठ लिटरला ६४ ग्रॅम, म्हणजे वीस ग्रॅमच्या तीन-चार बाटल्या. त्या महाग आहेत, आणि खर्चामुळे त्या टाळल्या जातात हेही खरं. पाणी काढलं की ताकद जाते, असं गावाकडे म्हणतात, आणि त्यात तथ्याचा अंश आहे. या पाण्यात लिटरला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. आठ लिटरबरोबर ऐंशी ग्रॅम निघून जातात, म्हणजे आपल्या गृहस्थांच्या एका दिवसाच्या गरजेपेक्षा थोडी जास्त. पण पाणी तसंच ठेवून रोज पन्नास ग्रॅम कमी खाण्यापेक्षा ही तूट परवडते. टॅपिंगनंतरचे चार-पाच दिवस हे जास्तीत जास्त खाऊ घालण्याचे दिवस असतात. जठराला जागा मिळालेली असते आणि पाणी परत यायचं असतं. घरी मात्र याच दिवसांत माणूस बरा झाला असं समजून पुन्हा तीन वेळच्या ताटावर गाडी येते.

भूक अचानक आणखी मेली तर ते दरवेळी पाणी वाढल्याचं लक्षण नसतं. साठलेल्या पाण्यात जंतू शिरले की कधी ताप येतो, पोट दुखतं. कधी यातलं काहीच होत नाही, माणूस फक्त जेवणावरून तोंड फिरवतो आणि जरा जास्त झोपाळू वाटतो. म्हणून रुग्ण भरती झाला की पाण्याचा नमुना तपासलाच पाहिजे. त्यातल्या न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी घन मिलिमीटरला अडीचशेच्या वर असल्या, तर जंतूंच्या वाढीचा अहवाल यायची वाट न बघता प्रतिजैविकं सुरू करतात. झोपेचं वेळापत्रक उलटं होणं, हात थरथरणं, काळी शौचास होणं, रक्ताची उलटी, यांपैकी काही दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नये. आणि आपल्याकडे आणखी एक काळजी: पोटात पाणी म्हणजे यकृतच, असं गृहीत धरता येत नाही. पोटाच्या पडद्याच्या क्षयानेही पाणी होतं आणि भूक मरते, आणि त्याचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. पहिल्याच नमुन्यात रक्ताच्या आणि पाण्याच्या अल्ब्युमिनमधला फरक मोजतात तो यासाठी.

गोळ्यांना पाणी दाद देईनासं झालं आणि दर पंधरा दिवसांनी टॅपिंगची पाळी आली की दोन वाटा उरतात. एक म्हणजे मानेतल्या शिरेतून यकृतात शिरून जाळीदार नळी बसवायची आणि पोर्टल शिरेला रक्त पुढे न्यायला थेट वाट करून द्यायची. पाणी ओसरल्यावर यातल्या बऱ्याच जणांचं वजन आणि स्नायू भरून येतात. पण न गाळलेलं रक्त मेंदूकडे जात असल्यामुळे भ्रमाचा धोका वाढतो, आणि फार थकलेल्या यकृताला हे सोसत नाही. दुसरी वाट यकृत प्रत्यारोपणाची. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत ते होतं. नवं यकृत बसल्यावर पाणी सहसा काही आठवड्यांत आटतं आणि माणूस पुन्हा पोटभर जेवतो. गेलेला स्नायू मात्र इतक्या लवकर परतत नाही, त्याला वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं. शस्त्रक्रियेला जाताना जो जितका खंगलेला, तितके नंतरचे जंतुसंसर्ग आणि आयसीयूतले दिवस जास्त. म्हणून प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असलेल्या रुग्णाला आहारतज्ज्ञाकडे आधीच पाठवतात, आणि तोंडाने पुरेसं जात नसेल तर नाकातून बारीक नळी घालून रात्री हळूहळू द्रव आहार देतात. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असल्या तरी अशी नळी घालता येते. त्या शिरांतून नुकताच रक्तस्राव झाला असेल तर मात्र काही दिवस थांबतात.